बारा महिन्यांची रेघ आणि शेअरवरच्या कराची उलटापालट

शेअर विकताना ब्रोकरच्या बिलात एसटीटी, म्हणजे रोखे व्यवहार कर, नावाची एक बारीकशी रक्कम असते. डिलिव्हरीच्या, म्हणजे शेअर प्रत्यक्ष खात्यात जमा होणाऱ्या, खरेदीवर 0.1 टक्का आणि विक्रीवरही तेवढीच. तोटा झाला तरी ती द्यावीच लागते. आजच्या करपद्धतीची गोष्ट या रकमेपासूनच सांगायला हवी.

जुलै 2004 च्या अर्थसंकल्पात पी. चिदंबरम यांनी एक सौदा मांडला. बाजारातल्या प्रत्येक व्यवहारावर थोडासा कर द्या, त्याच्या बदल्यात दीर्घकालीन नफ्यावरचा कर माफ. 1 ऑक्टोबर 2004 पासून तो अमलात आला. सूचिबद्ध शेअर बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवला की नफा पूर्ण करमुक्त. त्याआधी विकला तर 10 टक्के, आणि 2008 पासून 15 टक्के. त्यामुळे बारा महिन्यांच्या रेघेला विलक्षण किंमत आली. एका दिवसाच्या फरकाने 15 टक्के किंवा शून्य!

फेब्रुवारी 2018 मध्ये अरुण जेटली यांनी ही माफी काढून घेतली. वर्षाला 1 लाखावरच्या दीर्घकालीन नफ्यावर 10 टक्के कर आला. एसटीटी मात्र जागच्या जागी राहिला. सौद्याची एक बाजू मोडली, दुसरी तशीच. 23 जुलै 2024 पासूनच्या विक्रीसाठी दर आणखी वाढले: दीर्घकालीन नफ्यावर 12.5 टक्के, अल्पकालीनवर 20 टक्के. दीर्घकालीन नफ्याची करमुक्त मर्यादा सव्वा लाख झाली.

2018 मध्ये एक गोष्ट न्यायाची झाली. 31 जानेवारी 2018 पर्यंत वाढलेल्या नफ्याला हात लावायचा नाही, असे ठरले. समजा, कुणी 2012 मध्ये 200 रुपयांनी 500 शेअर घेतले. 31 जानेवारी 2018 ला त्या शेअरचा बाजारातला सर्वोच्च भाव 900 होता आणि आता तो 1,500 ला विकला. खरेदीची किंमत 200 नव्हे, 900 धरायची. नफा शेअरमागे 600, एकूण 3 लाख. वर्षभरात दुसरा दीर्घकालीन नफा नसेल तर सव्वा लाख वजा करून 1,75,000 वर 12.5 टक्के म्हणजे 21,875, आणि त्यावर 4 टक्के उपकर धरून 22,750 रुपये. हेच शेअर 700 ला विकले असते तर किंमतही 700 च धरली असती. नफा शून्य, पण 900 आणि 700 मधला 200 रुपयांचा कागदोपत्री तोटा दाखवता आला नसता. जुने शेअर असलेल्या घरांमध्ये विवरणपत्र भरताना हा 900 चा आकडा टाकायचा राहतो आणि माणूस 1,300 रुपयांच्या नफ्यावर कर भरून बसतो.

मुदत मोजतानाही गफलत होते. ‘बारा महिन्यांहून अधिक’ म्हणजे 10 जूनला घेतलेला शेअर पुढच्या 10 जूनला विकून चालत नाही. एक दिवस थांबायचे. डीमॅट खात्यातून आधी आलेले शेअर आधी गेले असे मानतात, त्यामुळे एकच शेअर टप्प्याटप्प्याने घेतला असेल तर कोणता लॉट विकायचा ते तुम्ही निवडत नाही. बोनस शेअरची मुदत तर ते मिळाल्या दिवसापासून सुरू होते, मूळ शेअर कितीही जुने असोत.

लाभांशाची वाट निराळी आहे. तिथे मुदतीचा प्रश्नच नाही. प्रश्न राहिला तो कर कुणी भरायचा याचा. 1997 पर्यंत लाभांश भागधारकाच्या उत्पन्नात धरला जाई. त्या वर्षी लाभांश वितरण कर आला, कंपनीच सरकारला पैसे देऊ लागली आणि भागधारकाच्या हाती आलेला लाभांश करमुक्त ठरला. मधले 2002-03 चे एक वर्ष जुनी पद्धत परतली, तेवढेच. ऐकायला छान वाटणाऱ्या या व्यवस्थेत एक खोट होती. शेवटच्या काळात अधिभार-उपकरासह हा कर 20.56 टक्क्यांवर गेला होता. ज्या निवृत्त माणसाचे उत्पन्न करपात्रही नव्हते, त्याच्या वाट्यातूनही तो तितकाच कापला जाई, आणि 30 टक्क्यांच्या टप्प्यातला माणूस फायद्यात राही. 2016 मध्ये 10 लाखांहून अधिक लाभांश घेणाऱ्यांवर वेगळा 10 टक्के कर बसवावा लागला, तो यामुळेच.

1 एप्रिल 2020 पासून वितरण कर गेला. आता लाभांश तुमच्या इतर उत्पन्नात मिळवून तुमच्या टप्प्याच्या दराने कर लागतो. कंपनी एका वर्षात 10,000 रुपयांहून अधिक लाभांश देणार असेल तर 10 टक्के टीडीएस कापून उरलेले पैसे पाठवते. मार्च 2025 पर्यंत ही मर्यादा 5,000 होती. बँकेत आलेली रक्कमच उत्पन्न म्हणून लिहिली की हिशेब चुकतो. 12,000 चा लाभांश जाहीर होऊन खात्यात 10,800 आले, तरी उत्पन्न 12,000 च लिहायचे आणि कापलेल्या 1,200 चे श्रेय वेगळे घ्यायचे. तुमच्या नावावर कापलेल्या कराची नोंद असणाऱ्या फॉर्म 26AS मध्ये ते 1,200 दिसत असतील तर तेवढ्याने कर कमी भरावा लागतो, आणि कर लागतच नसेल तर ते परत मिळतात.