‘पेन्देहो’: शिवी की नुसता ‘पोरगा’?

“स्पॅनिशमध्ये ‘पेन्देहो’ ही सगळीकडे शिवीच ना?”

नाही. मेक्सिकोत ती खरोखर झोंबते, आपल्या ‘बिनडोक’पेक्षा कितीतरी जहाल. पण ब्युनोस आयर्समधला पन्नाशीचा माणूस मित्रांत सहज म्हणतो, ‘क्वांदो एरा पेन्देहो’, म्हणजे ‘मी पोरगा होतो तेव्हा’. मेक्सिकन कानाला तेच ‘मी मूर्ख होतो तेव्हा’ असं ऐकू येतं. शब्दाचा मूळ अर्थ जांघेतला केस. पुढे देशोदेशी त्याला वेगळ्या वाटा फुटल्या. पेरूमध्ये तर तो बेरकी माणूस.

मात्र अर्जेंटिनातही मोठ्या माणसाला रागानं ‘पेन्देहो’ म्हटलं, की ‘पोरकट’ असा टोमणा बसतो. म्हणून नवख्यानं मुलाला ‘चिको’च म्हणावं, ते दोन्हीकडे चालतं.