हुरहूर वेगळी, धास्ती वेगळी: रविवारच्या संध्याकाळची गल्लत

"रविवारी संध्याकाळ झाली की टेन्शन येतं," हे वाक्य मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय की आता त्यातला 'टेन्शन' हा शब्दच मला खटकतो. या एका शब्दाखाली आपण दोन अगदी वेगळ्या गोष्टी कोंबतो. मराठीत त्यांना वेगवेगळे शब्द आहेत, एक हुरहूर आणि दुसरी धास्ती. दोन्ही रविवारी सहा-सातलाच येतात. दोन्हींत पोटात कालवतं, जेवणावरची वासना उडते आणि रात्री छताकडे बघत पडायची वेळ येते. वरून सारख्या दिसतात म्हणून गल्लत होते, आणि ती महागात पडते. ज्याला नुसती हुरहूर आहे त्याला मोबाईलवरचा कुणीतरी अनोळखी माणूस सांगतो, "सोमवार नकोसा वाटतो म्हणजे नोकरी चुकीची आहे, सोडा." आणि ज्याला खरोखर धास्ती बसलीये त्याला घरचेच सांगतात, "सगळ्यांनाच होतं तसं, होईल सवय." या दोन्ही सल्ल्यांचा मला मनापासून राग येतो.

हुरहुरीबद्दल फार सांगायला नको, ती सगळ्यांच्या ओळखीची आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या आमच्या कोल्हापूरच्या कारखान्यांच्या पट्ट्यातल्या बहुतेकांना आठवड्यातून एकच सुटी. त्या एका दिवसात जोतिबा, बाजार, पाहुणे, मुलांचा अभ्यास आणि तांबडा-पांढरा हे सगळं बसवायचं. ते बसेपर्यंत रंकाळ्यावर दिवे लागतात आणि हातातून काहीतरी निसटल्यासारखं वाटतं. मोकळेपण संपल्याचं ते दुःख असतं. त्याचा तुमच्या साहेबाशी किंवा कामाशी फारसा संबंध नसतो. शाळेत असतानाही ते व्हायचंच की.

त्यात एक गोष्ट मात्र आपल्याकडची, आणि तिच्याकडे कुणी लक्ष देत नाही. दुपारी दोनला मटणाचं जेवण, अडीचला आडवं, ते साडेपाचला उठायचं. झोपेची गरज जागेपणी हळूहळू साठत जाते. तीन तास झोपून तुम्ही ती दुपारीच खर्च केलेली असते. वर सहाला कडक चहा. मग रात्री अकराला अंथरुणावर पडल्यावर शरीर टक्क जागं असतं, आणि जागं मन उद्याच्या कामाकडेच धावतं. माणूस समजतो की कामाच्या विचारानं झोप उडाली. खरं तर झोप आधीच उडालेली होती, विचार नंतर आले. रविवारी दुपारी अर्ध्या तासाचा गजर लावून झोपायचं आणि तीनच्या आत उठायचं, एवढं चार रविवार करून बघा. तेवढ्यानं निम्मं हलकं झालं तर ती हुरहूरच होती.

आता मुद्द्याचं. लोक हुरहूर आणि धास्ती यांतला फरक जोरावरून ठरवतात. जास्त त्रास झाला की धास्ती, कमी झाला की हुरहूर. इथंच सगळं चुकतं. रविवारी संध्याकाळी किती वाईट वाटतं यावरून काहीही कळत नाही. साधी हुरहूर दहापैकी आठपर्यंत जाऊ शकते, आणि जुनी, अंगवळणी पडलेली धास्ती पाचवर मुकाट बसलेली असते. बघायचं ते हे, की ती कुठल्या कॅलेंडरवर चालते. हुरहूर वाराच्या कॅलेंडरवर चालते. रविवारी चढते, सोमवारी काम हातात आलं की उतरते, आणि सोमवारी सुटी असेल तर रविवारी येतच नाही. धास्ती कामाच्या कॅलेंडरवर चालते. तिला रविवारशी देणंघेणं नसतं. रविवारी ती फक्त ऐकू येते, कारण त्या दिवशी बाकीचा गोंगाट थांबलेला असतो.

हे मला माझ्या भाच्यामुळे नीट कळलं. तो एका मशीन शॉपमध्ये क्वालिटीला आहे, चार वर्षं झाली. एका रविवारी आम्ही रंकाळ्यावर बसलो होतो. त्यानं भेळेचा कागद तसाच गुंडाळून ठेवला आणि म्हणाला, "मामा, सोमवारची मीटिंगच नको वाटते हो." दर सोमवारी साडेनऊला त्यांच्याकडे मागच्या आठवड्याचं रिजेक्शन वाचून दाखवतात, सगळ्यांसमोर. मलाही वाटलं, असेल, कुणालाही नको वाटेल. पण मी त्याला म्हटलं, सहा आठवडे खिशातल्या डायरीत तीन आकडे लिही. रविवारी संध्याकाळी सातला, सोमवारी सकाळी अकराला आणि बुधवारी संध्याकाळी सातला, किती जड वाटतं ते दहापैकी. आणि शेजारी तारीख. माझेही आकडे मी तेवढेच आठवडे लिहिले.

माझे आकडे सांगायला सोपे आहेत. मी एका फाउंड्रीत स्टोअरला आहे. रविवारी 7, सोमवारी अकराला 2, बुधवारी 2. एका सोमवारी सुटी होती, त्या रविवारी 1. हे हुरहुरीचं स्वच्छ चित्र.

त्याचे आकडे वेगळंच सांगत होते. 8 आणि 15 तारखेच्या रविवारी 6. 22 तारखेच्या रविवारी 8, आणि लक्षात घ्या, दुसऱ्या दिवशी त्याला सुटी होती, मीटिंगही नव्हती. 29 तारखेच्या रविवारी 9. सोमवारी तीस तारीख, महिन्याचा शेवटचा दिवस, मीटिंग उरकल्यावर अकरालाही 9. आणि नवा महिना लागल्यावर 6 तारखेच्या रविवारी, समोर तीच मीटिंग असताना, फक्त 4. म्हणजे मीटिंगचा संबंध नव्हता. त्याची धास्ती महिन्याच्या तारखेबरोबर चढत होती आणि उतरत होती.

महिनाअखेरीला काय होतं हे कारखान्यात काम केलेल्याला सांगावं लागत नाही. महिन्याची विक्री बसवायची म्हणून डिस्पॅच अंगावर येतं. त्याच्याकडे 400 नगांचा लॉट येतो. नियमानं त्यातले 50 गेज लावून तपासायचे, पण गाडी गेटवर उभी असते आणि वेळ मिळतो जेमतेम 15 नगांचा. तरी गाडी सुटण्याआधीच्या तपासणीच्या रिपोर्टवर सही त्याचीच. त्यात 50 लिहिलेलं असतं. माल थांबवायचा अधिकार त्याला नाही, पण गिऱ्हाइकाकडून तक्रार आली तर कागदावर नाव त्याचं. म्हणून शेवटची गाडी गेल्यावरही त्याचा आकडा 7 राहायचा. काम संपत होतं, सही मागे उरत होती.

रॉबर्ट कारासेक या अमेरिकी समाजशास्त्रज्ञानं 1979 मध्ये हे मांडलं होतं. नुसत्या जास्त कामानं माणूस तितका खचत नाही, कामाचा रेटा मोठा आणि निर्णय मात्र स्वतःच्या हातात नाही, अशा जोडीनं खचतो. माझ्या स्टोअरलाही महिनाअखेरीला दम निघतो, पण काय आधी द्यायचं आणि काय थांबवायचं हे मी ठरवतो. त्यामुळे माझे आकडे तारखेनं हलत नाहीत.

डायरी वाचताना एक फसगत टाळा. सोमवारी आकडा उतरला म्हणजे हुरहूर, असं लगेच ठरवू नका. साहेब दौऱ्यावर गेलेला असेल तर धास्तीही सोमवारी उतरते. म्हणून एका आठवड्यावर जाऊ नये, निदान एक महिनाअखेर डायरीत यायला हवी. आणि शनिवारी संध्याकाळी, सुटी अजून अख्खी शिल्लक असताना जड वाटू लागलं असेल, तर ती हुरहूर नव्हेच.

उपायही त्यामुळे वेगळे. हुरहुरीला शनिवारी सुटताना दहा मिनिटं द्यावीत. सोमवारी सकाळी पहिलं कुठलं काम, कुठल्या फाइलपासून, कुणाला फोन, हे कागदावर लिहून टेबलावर ठेवून यायचं. अर्धवट राहिलेलं काम डोक्यात घोळत राहतं, त्याची पुढची पायरी ठरवून टाकली की घोळणं कमी होतं. शनिवारी राहिलं तर रविवारी झोपताना पाच मिनिटं लिहा. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठातल्या संशोधकांनी 57 तरुणांना झोपताना पाच मिनिटं लिहायला लावलं, काहींना पुढची कामं, काहींना झालेली. झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा पुढची कामं लिहिणारे सुमारे 9 मिनिटं लवकर झोपले. पण रविवारी संध्याकाळी "जरा मेल बघून ठेवतो, म्हणजे उद्या हलकं जाईल" असं म्हणू नका. एकही मेल त्या वेळी निकालात निघत नाही, आणि सोमवार मात्र तुम्ही स्वतःच्या हातानं रविवारी आणून बसवता. या बाबतीत मी कुणाचंही ऐकणार नाही.

धास्तीला यादी लिहून काही होत नाही. यादीत तीच सही येते. तिथं कामाचा तो एक सांधा बदलता येतो का हे बघावं लागतं. भाच्यानं साहेबांना लेखी विचारलं, रिपोर्टवर 'लॉटचे नग' आणि 'प्रत्यक्ष तपासलेले नग' असे दोन रकाने करूया का. मी मुद्दाम त्याला "ताण येतो" असं लिहू दिलं नाही, नुसते रकाने मागायला लावले. रकाने मिळाले. आता 15 तपासले तर 15 लिहितो. माल थांबवायचा अधिकार मात्र मिळाला नाही. दोन महिन्यांनी त्याचा एरवीचा रविवार 3 वर आला, महिनाअखेरचा 7 वर अडलाय.

एक तिसरी गोष्टही असते, ती या दोन्हींत बसवू नये. वार कुठलाही असो, तारीख कुठलीही असो, सुटीत गावी गेलं तरी आकडा तसाच, झोप आणि भूक बिघडलेली, आवडीच्या गोष्टीतही मन नाही, असं दोन आठवडे सलग चाललं असेल तर नोकरीची चर्चा बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावं. सरकारच्या टेली-मानस सेवेचा 14416 हा नंबर चोवीस तास, फुकट आहे आणि तिथं मराठीत बोलता येतं.

भाचा आता दुसरीकडे बघतोय, घाई न करता, आहे ती नोकरी सांभाळून. पगाराचं बोलणं झालं की तो मुलाखतीत एकच प्रश्न विचारतो: "तुमच्याकडं माल होल्डवर कोण टाकतं?" एका ठिकाणी तिघांनी एकमेकांकडे बघितलं. तिथून तो परस्पर घरी आला. दुसऱ्या ठिकाणी क्वालिटीच्या साहेबांनी खिशातून लाल टॅगांचा गठ्ठा काढून टेबलावर ठेवला. "हे इन्स्पेक्टरच्या हातात असतात," ते म्हणाले. तिथला पगार दोन हजारांनी कमी आहे. त्यांना हो म्हणावं म्हणून मी त्याच्या मागे लागलोय.