सलूनमधली पाणी आणि प्लास्टिक बचत (आणि तिची प्रामाणिक जाहिरात)

सलून किंवा ब्युटी पार्लरमध्ये रोज जे पाणी वाहून जातं आणि जो प्लास्टिकचा कचरा बाहेर पडतो तो मोजून कमी करणं, आणि जेवढा कमी झाला तेवढाच गिऱ्हाइकाला सांगणं, असा या कामाचा सरळ अर्थ. यात मोजणं आधी येतं आणि बोर्ड नंतर, पण बऱ्याच ठिकाणी उलटं होतं, म्हणजे आधी हिरव्या पानांचं चित्र असलेला 'इको फ्रेंडली सलून' बोर्ड लागतो आणि मग काय बदलायचं ते शोधलं जातं. इथे पुण्याच्या वाघोली-वाकडसारख्या, टँकर मागवावा लागणाऱ्या भागातलं एक मध्यम पार्लर डोळ्यासमोर ठेवून हिशोब मांडलाय. आकडे नमुन्याचे आहेत, प्रत्येकाने स्वतःच्या दुकानात बादली लावून आपले काढायचे.

पाणी: बादली आणि मोबाईलचं घड्याळ

सगळ्यात जास्त पाणी दिसतं ते हेड वॉशच्या बेसिनवर. मोजायला फार काही लागत नाही, १० लिटरची बादली घ्यायची, हँड शॉवर नेहमी जेवढा उघडतात तेवढाच उघडायचा आणि किती सेकंदात भरते ते बघायचं. समजा ६० सेकंदात भरली, म्हणजे मिनिटाला १० लिटर. मग दोन-तीन दिवस प्रत्येक वॉशला नळ किती वेळ चालू राहतो ते मोजायचं, आणि हे वॉश करणाऱ्या मुलीला आधी सांगूनच करायचं, नाहीतर तिला वाटतं आपल्यावर नजर ठेवतायत (हे खरंच महत्त्वाचं आहे कारण पुढे नळ बंद करणार आहे ती, मालक नाही). समजा ४ मिनिटं निघाली. म्हणजे एका वॉशला ४० लिटर.

आता त्या ४ मिनिटांतली निम्मी वेळ फेस करताना, डोकं चोळताना जाते, तेव्हा पाणी नुसतं बेसिनमध्ये पडत असतं. हात मोकळे नसतात, शॅम्पूच्या हाताने नॉब फिरवायचा कंटाळा येतो, म्हणून नळ चालू राहतो. त्यावर उपाय म्हणजे दांड्यावरच बटण असलेला हँड शॉवर, अंगठ्याने पाणी थांबतं. त्यासोबत मिनिटाला ६ लिटर देणारं हेड लावलं आणि धुण्याचा वेळ थोडा वाढून अडीच मिनिटं झाला, तर एका वॉशला १५ लिटर होतात. दिवसाला १८ वॉश, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे ४६८ वॉश. आधी १८,७२० लिटर लागायचे, आता ७,०२०. वाचले ११,७०० लिटर, म्हणजे १० हजार लिटरच्या एका टँकरपेक्षा जास्त.

पाणी गरम असेल तर वीजही वाचते. २५ लिटर पाणी १५ अंशांनी तापवायला साधारण ०.४ युनिट लागतं, तेवढं दर वॉशमागे कमी होतं, अर्थात जेवढं पाणी खरंच गिझरमधून येतं तेवढ्यापुरतंच.

कुठे फसतं ते सांगायला पाहिजे. टाकी जर बेसिनपेक्षा फार उंच नसेल तर मुळातच प्रेशर कमी असतं, त्यात कमी पाण्याचं हेड लावलं की धार मरते, फेस निघत नाही, मुलगी ५ मिनिटं धुवत बसते आणि आठवड्याने कोणीतरी त्या हेडची जाळी काढून ड्रॉवरमध्ये टाकतं. गॅसचा इन्स्टंट गिझर असेल तर अजून एक भानगड, त्याला पेटायला ठराविक प्रवाह लागतो, त्याखाली पाणी गेलं की तो चालूच होत नाही आणि गिऱ्हाइकाच्या डोक्यावर गार पाणी पडतं. म्हणून हेड बदलल्यावर बादली पुन्हा लावायची आणि वेळही पुन्हा मोजायचा, मिनिटाचा प्रवाह कमी झाला म्हणजे वॉशचं पाणी कमी झालंच असं नसतं. आणि केसांचा रंग धुताना मात्र पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवावंच लागतं, तिथे हात आखडता घेतला तर रंग टाळूवर राहतो, त्यामुळे रंगाचं पाणी वेगळं मोजायचं, साध्या वॉशमध्ये मिसळायचं नाही.

गिझर लांब असेल तर अजून एक गळती आहे जी कोणाच्या लक्षात येत नाही. अर्ध्या इंची पाइपमध्ये मीटरला साधारण पावणेदोनशे मिली पाणी मावतं, म्हणजे १२ मीटर पाइप असेल तर गरम पाणी येईपर्यंत २ लिटर गार पाणी सोडून द्यावं लागतं. ते बादलीत धरलं तर फरशी पुसायला चालतं. पेडिक्युअरच्या टबचं पाणी मात्र दुसऱ्या कोणासाठी वापरायचं नाही, आणि टबही प्रत्येक वेळी धुऊन जंतुनाशक लावायचा, तिथे बचत शोधूच नये.

प्लास्टिक: बाटली दिसते, चादर दिसत नाही

पार्लरमधलं प्लास्टिक कमी करायचं म्हटलं की पहिली नजर शॅम्पूच्या बाटल्यांवर जाते. १ लिटरच्या ऐवजी ५ लिटरचा कॅन आणायचा, हे चांगलंच आहे, पण वजन करून बघा. वरच्याच पार्लरमध्ये एका वॉशला १५ मिली शॅम्पू धरला तर महिन्याला ७ लिटर लागतो, म्हणजे ७ रिकाम्या बाटल्या, काट्यावर ठेवल्या तर अर्धा किलोच्या आसपास भरतील, आणि कॅनचंही स्वतःचं वजन असतंच. शिवाय त्या बाटल्या आणि कॅन जाड प्लास्टिकचे असतात, भंगारवाला ते आनंदाने घेतो.

खरा ढीग वॅक्स आणि फेशियलच्या बेडवर असतो. तिथे अंथरतात ती पांढरी डिस्पोजेबल बेडशीट, रोलमधून फाडून घेतात ती. हाताला कापडासारखी लागते म्हणून बहुतेकांना ती कापडच वाटते, पण ती सहसा पॉलिप्रॉपिलीनची असते, म्हणजे प्लास्टिकचे धागे दाबून केलेली. (नॉन-वोव्हन पिशव्यांचं तेच, केंद्राच्या नियमांनी २०२१ मध्ये ६० जीएसएमपेक्षा, म्हणजे चौरस मीटरला ६० ग्रॅमपेक्षा, पातळ नॉन-वोव्हन कॅरी बॅगवर बंदी आणली ती ती प्लास्टिक आहे म्हणूनच.) ओळखायला एक छोटा तुकडा चिमट्यात धरून मोकळ्या जागी पेटवून बघायचा, वितळून गोळा झाला तर कृत्रिम धागा, कागदासारखा जळून राख झाली तर सुती किंवा कागदी.

हिशोब करू. ८० सेंटिमीटर रुंद, १८० लांब चादर म्हणजे १.४४ चौरस मीटर, २५ जीएसएमची असेल तर एकीचं वजन ३६ ग्रॅम. दिवसाला १२ बेड धरले तर महिन्याला ३१२ चादरी, म्हणजे ११ किलोच्या वर प्लास्टिक, एकेकदा वापरून फेकलेलं, वॅक्स आणि तेल लागलेलं, जे भंगारात कोणी घेत नाही. बाटल्यांचा अर्धा किलो आणि चादरींचे ११ किलो, आणि आपण कौतुक करतोय कॅनचं.

मग सुती चादर घ्यायची का? घ्यायची, पण दोन गोष्टी लक्षात ठेवून. पहिली, बिकिनी वॅक्ससारख्या कामाला, जिथे रक्त किंवा स्राव लागू शकतो, तिथे एकदाच वापरायची चादर राहू द्यायची, समजा दिवसाला एक. उरल्या ११, महिन्याला २८६, म्हणजे जवळजवळ १०.३ किलो प्लास्टिक वाचलं. दुसरी, या ११ चादरी रोज धुवाव्या लागणार, मशीनचा एक घाणा, समजा ८० लिटरचा. महिन्याला २,०८० लिटर. हे पाणी बेसिनवर वाचलेल्या ११,७०० मधून वजा करायचं, खरी बचत ९,६२० लिटर. पाणी वाचवलं म्हणून एक बोर्ड आणि प्लास्टिक वाचवलं म्हणून दुसरा, आणि धुण्याचं पाणी कुठेच नाही, असं करू नये.

काही गोष्टींना हातच लावायचा नाही. ब्लेड प्रत्येकाला नवंच, हिपॅटायटिस बी आणि सी रक्तातून पसरतात. वॅक्सची पट्टी आणि लाकडी पट्टी एकीची दुसरीला नाही. वापरलेली ब्लेडं कचऱ्याच्या पिशवीत सुटी टाकायची नाहीत, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात साठवून वर नाव लिहून वेगळी द्यायची. पुण्यात २००८ पासून स्वच्छ ही कचरावेचकांची सहकारी संस्था महापालिकेसोबत घरोघरचा कचरा गोळा करते, तो कचरा तिथल्या बायका हाताने वेगळा करतात, त्या हातांचा विचार पार्लरवाल्याने केला पाहिजे.

कॅनमधून बाटली भरताना एक चूक फार कॉमन आहे, अर्धी उरलेली बाटली वरून भरत राहणं, किंवा शेवटचा शॅम्पू निघावा म्हणून त्यात पाणी घालून ठेवणं. पाणी मिसळलं की प्रिझर्व्हेटिव्ह पातळ होतं आणि जंतू वाढतात. बाटली पूर्ण संपवायची, धुवायची, कोरडी करायची, मगच भरायची, आणि कॅनवरचा बॅच नंबर व एक्सपायरी बाटलीवर चिकटवायची. वास बदलला किंवा शॅम्पू पाण्यासारखा वाहायला लागला तर टाकून द्यायचा. 'कम्पोस्टेबल' हातमोजे आणि पिशव्यांचंही नीट वाचायचं, त्यातल्या बहुतेकांना मोठ्या कम्पोस्ट प्लांटमधली उष्णता लागते, गच्चीतल्या कुंडीत त्या तशाच राहतात.

बोर्डावर काय लिहायचं

१५ ऑक्टोबर २०२४ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ग्रीनवॉशिंगबद्दल, म्हणजे पर्यावरणपूरक असल्याच्या खोट्या किंवा फुगवलेल्या दाव्यांबद्दल, मार्गदर्शक सूचना काढल्या, ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली. त्या फक्त मोठ्या कंपन्यांना नाहीत, सेवा देणाऱ्यालाही लागू आहेत, म्हणजे गल्लीतल्या पार्लरच्या इन्स्टा पोस्टलाही. 'ग्रीन', 'इको फ्रेंडली', 'सस्टेनेबल', 'नॅचरल' असे मोघम शब्द नुसते वापरायचे नाहीत, वापरले तर सोबत नेमका खुलासा आणि पुरावा पाहिजे. दावा सगळ्या सेवेबद्दल आहे की एका भागाबद्दल हे सांगायचं, तुलना केली तर कशाशी केली तेही सांगायचं. 'प्लास्टिक फ्री', 'कम्पोस्टेबल' यांना तर प्रमाणपत्र, शास्त्रीय पुरावा किंवा बाहेरच्या कोणाकडून तपासणी लागते. सविस्तर माहिती क्यूआर कोडमागे ठेवली तरी चालते.

त्यामुळे वरच्या पार्लरला 'प्लास्टिक फ्री' लिहिता येणार नाही, रोजची एक चादर, हातमोजे, बाटल्या आहेतच. 'पाण्याची ६० टक्के बचत' हेही नाही, कारण ते टक्के फक्त साध्या हेड वॉशचे आहेत (४० वरून १५ म्हणजे खरं तर ६२.५ टक्के, पण रंगाचं आणि धुण्याचं पाणी धरलं की आकडा खाली येतो). लिहिता येईल ते असं: 'आमच्याकडे साध्या हेड वॉशला आता साधारण १५ लिटर पाणी लागतं, आधी ४० लागायचं, आम्ही बादलीने मोजलंय. केसांचा रंग धुण्याचं पाणी यात नाही. बहुतेक बेडवर सुती चादर असते, रोज धुतलेली, त्या धुण्याला दिवसाला ८० लिटर लागतात. बिकिनी वॅक्सला डिस्पोजेबल चादरच वापरतो.' लांब आहे, पण प्रत्येक वाक्य गिऱ्हाईक उभं राहून तपासू शकतं, कोणी म्हणालं दाखवा तर बादली तिथेच आहे.

टँकरचं किंवा पाण्याचं बिल दाखवून बचत सांगायचा मोह होतो, तो टाळावा, कारण श्रावणात आणि पितृपक्षात गिऱ्हाईक कमी असतं आणि लग्नसराईत बेसिन रिकामं होत नाही. मे महिना आणि पितृपक्ष शेजारी ठेवले तर काहीही न बदलता बचत दिसेल. तुलना दर वॉशमागे करायची, आणि मोजल्याची तारीख बोर्डावर टाकायची. सहा महिन्यांनी परत मोजलं आणि १५ चे २० झालेले निघाले, जे होतंच कारण जाळ्या निघतात, मुली बदलतात, तर बोर्डावर २० लिहायचे.