साठ नॅनोसेकंदांचा हिशेब

जिनिव्हाजवळच्या 'सर्न' प्रयोगशाळेत 23 सप्टेंबर 2011 रोजी दारिओ ऑतिएरो यांनी 'ऑपेरा' या प्रयोगाचं एक मोजमाप मांडलं. सर्नमधून सोडलेले न्यूट्रिनो, म्हणजे खडकातूनही सहज आरपार जाणारे अतिसूक्ष्म कण, इटलीतल्या ग्रान सास्सो डोंगराच्या पोटात बसवलेल्या ऑपेरा यंत्रापर्यंत प्रकाशापेक्षा सुमारे 60 नॅनोसेकंद आधी पोचत होते. वाटेतलं अंतर 730 किलोमीटर, तेही जमिनीतून सरळ रेषेत. निर्वातात एवढं अंतर कापायला प्रकाशाला 2.4 मिलिसेकंद लागतात. त्यात 60 नॅनोसेकंदांची आघाडी म्हणजे शर्यतीच्या शेवटी न्यूट्रिनो प्रकाशाच्या 18 मीटर पुढे.

ही आघाडी खरी नव्हती. ऑप्टिकल फायबरचा एक जोड नीट बसलेला नव्हता, एवढंच बहुतेकांच्या लक्षात राहिलं आणि विषय हसण्यावारी गेला. मला मात्र या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा भाग त्यानंतरचा वाटतो. त्याच शीर्षकाचा तोच शोधनिबंध 2012 मध्ये सुधारून प्रसिद्ध झाला. चूक कोणती, किती मोठी, कोणत्या दिशेची आणि कधीपासूनची, हे सगळं त्यातून आणि त्याच्या जोडीच्या दुसऱ्या निबंधातून नीट कळतं. फसलेल्या प्रयोगाचा अहवाल कसा लिहावा, हे शिकायला मला याहून चांगलं उदाहरण माहीत नाही.

आधी पहिल्या अहवालाबद्दल. तो लिहिताना गटाला स्वतःच्याच निकालाची खात्री नव्हती. 1987 साली दिसलेल्या अतिनवताऱ्याचे न्यूट्रिनो त्याच्या प्रकाशाच्या फक्त काही तास आधी पृथ्वीवर पोचले होते. ते ऑपेराने मोजलेल्या वेगाने आले असते, तर जवळपास चार वर्षं आधी यायला हवे होते. त्या न्यूट्रिनोंची ऊर्जा बरीच कमी होती, त्यामुळे एवढ्यावरून ऑपेराचा निकाल बाद होत नव्हता, पण शंका घ्यायला जागा होती. म्हणून गटाने निबंधात सिद्धान्ताची भाषा टाळली. अजून न सापडलेल्या दोषांचा शोध चालू ठेवायचा आहे आणि निकालाचा अर्थ आम्ही मुद्दाम लावत नाही, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं. शिवाय वेळेच्या साखळीतल्या एकेका टप्प्यावर किती उशीर होतो आणि त्या आकड्यात किती अनिश्चितता आहे, हेही मांडलं. त्यामुळे बाहेरच्या वाचकाला कुठल्याही एका टप्प्यावर बोट ठेवून 'हे पुन्हा तपासा' असं म्हणता आलं.

पहिला आक्षेप प्रोटॉनच्या झोताबद्दल होता. न्यूट्रिनो तयार करायला सर्नमधून प्रोटॉनचा जो झोत सोडला जाई तो 10.5 मायक्रोसेकंद लांब होता, म्हणजे शोधायच्या 60 नॅनोसेकंदांच्या पावणेदोनशे पट. कोणता न्यूट्रिनो झोताच्या कोणत्या क्षणी निघाला हे कळायला मार्ग नव्हता. म्हणून हजारो न्यूट्रिनोंच्या पोचण्याच्या वेळांचा आलेख झोताच्या आकाराशी जुळवून सरासरी काढली होती. ही जुळवणीच चुकली नसेल कशावरून? उत्तर शोधण्यासाठी ऑक्टोबरच्या अखेरीस झोताची पद्धत बदलली. आता सुमारे 3 नॅनोसेकंदांचे आखूड ठोके, दोन ठोक्यांत 524 नॅनोसेकंदांचं अंतर. फक्त 20 न्यूट्रिनो हाती लागले, पण प्रत्येकाचा ठोका ओळखता येत होता. आघाडी निघाली 62 नॅनोसेकंद.

इथे अनेकांना वाटलं की निकाल पक्का झाला. खरं तर एकच शंका फिटली होती, झोताच्या आकाराची. दोन्ही वेळा न्यूट्रिनोच्या पोचण्याची वेळ त्याच भूमिगत घड्याळाने नोंदली होती. घड्याळच मागे असेल तर वीस काय आणि वीस हजार काय, प्रत्येक न्यूट्रिनो तेवढाच लवकर आलेला दिसणार. वारंवार मोजून विखुरलेली चूक कमी होते, पण सगळ्या मोजमापांना एकाच बाजूला ढकलणारी चूक जशीच्या तशी राहते. पुन्हा केलेल्या प्रयोगात काय बदललं आणि काय तसंच राहिलं, हे म्हणूनच लिहावं लागतं.

आता तो जोड. जीपीएसचे संदेश डोंगराखाली पोचत नाहीत. त्यामुळे वेळेचा संकेत बाहेरच्या इमारतीत घेऊन 8.3 किलोमीटर लांबीच्या फायबरमधून आत नेला होता. दर मिलिसेकंदाला प्रकाशाचा एक ठोका आत येई. फायबर जिथे मुख्य घड्याळाच्या कार्डाला जोडलेली होती, तिथे एक फोटोडायोड तो ठोका पकडून त्याचं विजेच्या संकेतात रूपांतर करी. हा संकेत ठरावीक पातळीच्या वर गेला की घड्याळ 'ठोका आला' असं मानतं. जोड पूर्ण आवळलेला नसल्याने डायोडवर कमी प्रकाश पडत होता. संकेत बंद पडला असता तर लगेच कळलं असतं. तो चालू होता, फक्त सावकाश चढत होता आणि पातळी गाठायला सुमारे 74 नॅनोसेकंद जास्त घेत होता.

फायबरमधल्या उशिराची वजावट आकडेमोडीत आधीपासून होती, पण ती आधीच्या मोजमापावरून घेतलेली. हा वाढीव उशीर तिच्यात नव्हता. घड्याळाला ठोका उशिरा कळतो म्हणजे ते खऱ्या वेळेच्या मागे चालतं. मागे पडलेल्या घड्याळावर कुठलीही घटना लवकर घडल्याची नोंद होते, म्हणून न्यूट्रिनो लवकर आलेले दिसले. ही दिशा तपासणं फार गरजेचं असतं. तोच दोष उलट दिशेने काम करत असता, तर तो सापडूनही या निकालाचं स्पष्टीकरण मिळालं नसतं.

तपासात दुसरा दोषही निघाला. मुख्य घड्याळाचं आंदोलक ठरलेल्या वारंवारितेवर चालत नव्हतं, सेकंदाला सुमारे 124 नॅनोसेकंदांनी सरकत होतं. दर 0.6 सेकंदांनी ते पुन्हा जुळवलं जाई, त्यामुळे चूक साठत गेली नाही. तरी निकालावर सरासरी सुमारे 15 नॅनोसेकंदांचा परिणाम होत होता, आणि तो पहिल्या दोषाच्या उलट बाजूचा होता. म्हणजे न्यूट्रिनोंची आघाडी तो कमी करून दाखवत होता. अनेक अहवाल इथे घसरतात. नको असलेला निकाल समजावून देणारा दोष सापडला की शोध थांबतो आणि उलट बाजूला ढकलणाऱ्या दोषाकडे कुणी बघत नाही. सर्नने फेब्रुवारी 2012 मध्ये जाहीर केलं तेव्हा दोन्ही दोष सांगितले, एक आघाडी फुगवणारा आणि एक घटवणारा.

तरीही एक मोठा प्रश्न उरला होता. जोड ढिला असल्याचं डिसेंबर 2011 मध्ये लक्षात आलं, पण तो तीन वर्षांपूर्वीही ढिला होता हे कशावरून? तसं दाखवता आलं नसतं तर जुनी सगळी नोंद संशयास्पद म्हणून बाजूला ठेवावी लागली असती. इथे शेजारचा 'एलव्हीडी' प्रयोग कामी आला. त्याच भूमिगत प्रयोगशाळेत, ऑपेरापासून सुमारे 160 मीटरवर तो होता आणि त्याची वेळ नोंदण्याची यंत्रणा स्वतंत्र होती. वैश्विक किरणांतले म्युऑन नावाचे कण बहुतेक वरून येतात. पण त्या डोंगराच्या एका बाजूला खडकाची रचना अशी आहे की काही म्युऑन जवळजवळ आडवे आत शिरतात आणि दोन्ही यंत्रांतून आरपार जातात. अशा म्युऑनच्या दोन्हीकडच्या वेळांतला फरक नेहमी सारखाच असायला हवा. 2007 पासूनच्या नोंदी काढल्या, तेव्हा 2008 च्या मध्यापासून 2011 च्या अखेरपर्यंत हा फरक 73 नॅनोसेकंदांनी सरकलेला आढळला, अनिश्चितता 9 नॅनोसेकंद. त्याच्या आधी आणि नंतर तो ठिकाणावर होता.

ही तपासणी मला अतिशय सुंदर वाटते. सर्न, न्यूट्रिनो, सापेक्षता यांच्याशी तिचा काही संबंध नाही. आकाशातून आलेल्या मूठभर म्युऑननी घड्याळ कोणत्या काळात मागे होतं ते दाखवलं, आणि त्यामुळे जुनी नोंद टाकून न देता दुरुस्त करून वापरता आली. दुरुस्तीनंतर फरक उरला 6.5 नॅनोसेकंद, आणि त्यातली अनिश्चितता त्याहून मोठी. न्यूट्रिनो प्रकाशाच्याच वेगाने येत होते, मोजमापाच्या मर्यादेत. ज्या नोंदीमुळे गोंधळ झाला, तिच्यातूनच न्यूट्रिनोच्या वेगाचं एक चांगलं मोजमाप मिळालं.

आपल्याकडच्या विद्यार्थ्यांच्या पदार्थविज्ञानाच्या जर्नलमध्ये उत्तर चुकलं की 'मानवी चूक' किंवा 'हवेचा अडथळा' असं लिहून मोकळं व्हायची पद्धत आहे. अशा नोंदीचा कुणालाच उपयोग नाही, कारण तिला ना आकार ना दिशा. साध्या लंबकाचा प्रयोग घ्या. समजा दोऱ्याची लांबी 24 सेंटीमीटर असताना g चं मूल्य 9.4 आलं आणि 99 सेंटीमीटर असताना 9.7. दोन्ही कमी, पण सारखी कमी नाहीत. विद्यार्थी इथे सरासरी काढतो आणि दोषाची सगळी खूण पुसून टाकतो. त्याऐवजी आवर्तकालाचा वर्ग आणि लांबी यांचा आलेख काढला तर सरळ रेषा मिळते, फक्त ती शून्यातून जात नाही, लांबीच्या अक्षाला उणे 1 सेंटीमीटरवर छेदते. म्हणजे प्रत्येक लांबी 1 सेंटीमीटरने कमी धरली गेली आहे. आता व्हर्नियरने गोळ्याचा व्यास मोजायचा. तो 2 सेंटीमीटर भरला तर उलगडा झाला. लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत धरायची असते, मोजली मात्र दोरा संपतो तिथपर्यंत. आलेख आणि व्हर्नियर हे दोन वेगळे साक्षीदार एकच आकडा सांगतात. रेषेचा चढ या चुकीने बदलत नाही, त्यामुळे त्याच वाचनांतून g चं योग्य मूल्य, 9.8 च्या जवळचं, काढता येतं.

व्यास 1.2 सेंटीमीटर भरला, तर त्रिज्येने 0.6 सेंटीमीटरच समजतात आणि 0.4 उरतात. मग तेच लिहायचं: त्रिज्येमुळे एवढं, उरलेल्याचं कारण सापडलं नाही, ते सगळ्या लांबींना सारखंच लागू आहे, त्यामुळे मोजपट्टीची सुरुवात झिजलेली आहे का किंवा दोरा टांगणीच्या चिमट्यात नेमका कुठे धरला जातो, हे आधी पाहावं. पुढच्या बॅचने तिथून सुरुवात करावी.

ऑपेरानेही मे 2012 मध्ये हेच केलं. जोड आवळलेला, आंदोलकाची चूक माहीत असलेली, आणि आखूड ठोक्यांचा झोत पुन्हा एकदा. या वेळी ग्रान सास्सोतल्या ऑपेरा, एलव्हीडी, इकारस आणि बोरेक्सिनो या चारही प्रयोगांनी तोच झोत आपापल्या यंत्रणेने मोजला. जूनमध्ये क्योटोच्या परिषदेत निकाल मांडले गेले तेव्हा चौघांचेही प्रकाशाच्या वेगाशी जुळत होते.