अंकगणिताची अपूर्णता

अंकगणिताची अपूर्णता : ०, १, २, ३… या नैसर्गिक संख्यांविषयीच्या सिद्धतांची मर्यादा सांगणारा गणिती तर्कशास्त्रातील निष्कर्ष. संख्यांबद्दलची काही गृहीतके घेऊन त्यांवर एखादी पद्धती उभी केली, तिच्यात बेरीज-गुणाकाराचे साधे हिशेब करता येत असले आणि ती सुसंगत असली, तर संख्यांबद्दलचे निदान एक खरे विधान तिच्यात सिद्ध करता येत नाही. कुर्ट गोडेल (१९०६–१९७८) या तर्कशास्त्रज्ञाने हे ७ सप्टेंबर १९३० रोजी क्योनिग्सबर्ग येथील परिषदेतल्या एका चर्चेत प्रथम जाहीरपणे सूचित केले. त्याचा निबंध १९३१ मध्ये छापून आला. योगायोग असा, की दुसऱ्याच दिवशी त्याच शहरात जर्मन गणितज्ञ डाव्हिड हिल्बर्टने गणितात न सुटणारा प्रश्न असूच शकत नाही, असे भाषणात ठासून सांगितले.

येथे ‘पद्धती’ म्हणजे काय हे आधी पक्के करावे लागते. नेहमीचे उदाहरण पेआनो अंकगणिताचे. शून्य ही संख्या आहे, प्रत्येक संख्येला पुढची संख्या असते, बेरीज आणि गुणाकार अमुक नियमांनी चालतात आणि गणिती विगमनाचे तत्त्व, म्हणजे शून्यासाठी खरे असलेले आणि एका संख्येवरून पुढच्या संख्येला लागू होत जाणारे विधान सर्व संख्यांसाठी खरे असते हे तत्त्व, लागू पडते, एवढीच त्याची गृहीतके. त्यांपासून ठरलेल्या तर्कनियमांनी एकेक ओळ पुढे जायचे. अशा ओळींच्या सान्त मालिकेला सिद्धता म्हणतात. गृहीतके अनंत असली तरी चालते, पण समोर ठेवलेले वाक्य हे गृहीतक आहे की नाही, हे डोके न वापरता, यांत्रिकपणे ठरवता आले पाहिजे. ही अट काढली तर प्रमेयच उरत नाही. ‘संख्यांबद्दलचे प्रत्येक खरे विधान हे गृहीतक’ असे म्हटले की पद्धती पूर्ण होते, फक्त एखादे विधान तिच्यात आहे का हे कोणालाच तपासता येत नाही.

सुसंगत म्हणजे एखादे विधान आणि त्याचा नकार ही दोन्ही जिच्यात सिद्ध होत नाहीत अशी पद्धती. विसंगत पद्धतीत काहीही सिद्ध करता येते, त्यामुळे सगळी खरी विधानेही सिद्ध होतात आणि सगळी खोटीही. तशी ‘पूर्णता’ कोणालाच नको असते, म्हणून सुसंगततेची अट.

गोडेलची मुख्य युक्ती वाक्यांना क्रमांक देण्याची आहे. नमुन्यादाखल ‘०’ या चिन्हाला १ आणि ‘=’ या चिन्हाला २ हा अंक देऊ (गोडेलचा तक्ता वेगळा होता). आता ‘०=०’ या वाक्यातील चिन्हांचे अंक क्रमाने १, २, १ असे येतात. पहिल्या तीन मूळ संख्यांवर ते घातांक म्हणून चढवायचे : २ चा पहिला घात, ३ चा दुसरा घात आणि ५ चा पहिला घात. त्यांचा गुणाकार २ × ९ × ५ = ९०. म्हणून ९० हा ‘०=०’ चा क्रमांक. उलट जायचे तर ९० चे मूळ अवयव पाडायचे आणि घातांक वाचायचे, की वाक्य परत मिळते. मूळ अवयव एकाच प्रकारे पडतात, त्यामुळे दोन वाक्यांचा क्रमांक एक होत नाही. वाक्यांच्या मालिकेलाही, म्हणजे सिद्धतेलाही, असाच क्रमांक देता येतो.

याचा परिणाम दूरवर जातो. ‘अमुक मालिका ही तमुक वाक्याची सिद्धता आहे’ हे तर्कशास्त्रातील विधान आता दोन संख्यांमधील नात्याचे विधान होते. ते खरे की खोटे हे अवयव पाडून, घातांक ताडून पाहता येते, आणि असे कोणतेही हिशेब पेआनो अंकगणित स्वतः करू शकते. संख्यांबद्दल बोलणारी पद्धती नकळत आपल्याच सिद्धतांबद्दल बोलू लागते.

पुढची पायरी नाजूक आहे. एक रिकामी जागा असलेले असे सूत्र लिहायचे : ‘क्ष क्रमांकाच्या सूत्रात रिकाम्या जागी त्याचाच क्रमांक भरला की जे वाक्य मिळते, त्याच्या सिद्धतेचा क्रमांक असलेली संख्या अस्तित्वात नाही.’ हे सूत्रही चिन्हांचेच बनलेले, तेव्हा त्याला क्रमांक असणारच. समजा तो क आहे. आता क्षच्या जागी क भरायचा. जे वाक्य तयार होते त्याला ग म्हणू. ग ज्या वाक्याबद्दल बोलते ते म्हणजे क क्रमांकाच्या सूत्रात क भरून मिळणारे वाक्य, अर्थात ग स्वतःच. वरवर पाहता ग हे संख्यांच्या गुणधर्मांचे एक लांबलचक विधान आहे, पण ते म्हणते एवढेच, की ‘माझी सिद्धता या पद्धतीत नाही.’ ‘मी खोटे बोलतो आहे’ या जुन्या कोड्याशी त्याचे नाते उघड आहे. फरक इतकाच, की ग सत्याबद्दल काही म्हणत नाही, सिद्धतेबद्दल म्हणते, आणि त्यामुळे विरोधाभासात न अडकता प्रमेय हाती लागते.

समजा ग ची सिद्धता पद्धतीत आहे आणि तिचा क्रमांक म आहे. मग ‘म हा ग च्या सिद्धतेचा क्रमांक आहे’ हा साधा, खरा हिशेब झाला, आणि तो पद्धतीला करून दाखवता येतो. पण त्यातून ‘ग ची सिद्धता आहे’, म्हणजेच ग चा नकार, सिद्ध होतो. ग ही सिद्ध आणि त्याचा नकारही सिद्ध, म्हणजे पद्धती विसंगत. ती सुसंगत आहे असे धरून आपण निघालो होतो, म्हणून ग ची सिद्धता असू शकत नाही. आणि ग नेमके हेच म्हणत होते, तेव्हा ग खरे आहे. ग चा नकारही सिद्ध होत नाही, हे दाखवायला गोडेलला सुसंगततेहून थोडी अधिक कडक अट लागली होती. जे. बार्कली रॉसरने १९३६ मध्ये वाक्याची रचना बदलून नुसत्या सुसंगततेवर ते भागवले.

‘खरे पण सिद्ध न होणारे’ हे शब्द पुष्कळांना गूढ वाटतात, कारण खरेपणा मग ठरवला कुठे, असा प्रश्न पडतो. ग च्या बाबतीत उत्तर बरेच रोखठोक आहे. ग हे ‘सर्व संख्यांसाठी’ या धाटणीचे विधान आहे. ० हा ग च्या सिद्धतेचा क्रमांक नाही, हे पेआनो अंकगणित सिद्ध करते. १ नाही, हेही करते. २ नाही, ३ नाही, अशी कोणतीही ठरावीक संख्या पुढे करा, ती नाही हे ते सिद्ध करून देते. फक्त ‘कोणतीच संख्या नाही’ हे एक वाक्य त्याला मांडता येते पण सिद्ध करता येत नाही. अपूर्णतेचा खड्डा येथे ‘प्रत्येक’ आणि ‘सर्व’ यांच्या मध्ये आहे. प्रत्येक संख्येचा पुरावा वेगळा असतो, आणि या अनंत पुराव्यांना एका सान्त सिद्धतेत गुंफणारा धागा पद्धतीकडे नसतो.

ग चा नकारच नवे गृहीतक म्हणून जोडला तर? पद्धती विसंगत होत नाही, कारण ग सिद्ध होत नव्हते. ती विचित्र मात्र होते : ग च्या सिद्धतेचा क्रमांक असलेली संख्या आहे असे म्हणते, आणि ० पासून कोणतीही संख्या दाखवली की ‘ही नव्हे’ असेही म्हणते. अशा पद्धतीला ०, १, २, ३… यांच्या सगळ्यांच्या पलीकडे ‘संख्या’ असलेली विश्वे चालतात, आणि पेआनोची गृहीतके त्या विश्वांतही पाळली जातात. आपल्याला अभिप्रेत असलेल्या संख्या कोणत्या, हे गृहीतकांनी पुरते बांधले जात नाही.

ग हे मुद्दाम घडवलेले वाक्य आहे, खऱ्याखुऱ्या गणितात असे काही भेटत नाही, हा आक्षेप बरीच वर्षे घेतला जाई. त्याला सर्वांत सोपे उत्तर गुडस्टाइनच्या प्रमेयात मिळते. ४ पासून सुरुवात करू. ती २ या पायावर लिहायची : २ चा दुसरा घात. यात घातांकातला २ ही धरून प्रत्येक २ च्या जागी ३ घालायचा, म्हणजे ३ चा तिसरा घात, २७. त्यातून १ वजा : २६. आता २६ ही ३ च्या पायावर लिहायची : २×३² + २×३ + २. प्रत्येक पाया ३ चा ४ करायचा (गुणक २ तसाच), मिळतात ४२, वजा १ म्हणजे ४१. मग ४ चा ५, वजा १ : ६०. पुढे ८३, १०९, असे आकडे फुगतच जातात. तुलनेला ३ पासून निघाले तर ३, ३, ३, २, १, ० असे पाच पायऱ्यांत संपते.

रूबेन गुडस्टाइनने १९४४ मध्ये दाखवले, की कोठूनही निघा, ही मालिका शेवटी शून्यावर येते. ४ पासून निघाल्यास त्याला लागणाऱ्या पायऱ्या ३ × २^४०२६५३२११ वजा ३ इतक्या आहेत. ही संख्या नुसती लिहायलाच १२ कोटींहून अधिक अंक लागतात. सिद्धतेचा गाभा मात्र सोपा आहे. क्रमवाचके म्हणजे ०, १, २, ३… ही मोजणी अनंताच्याही पुढे नेणाऱ्या संख्या, आणि या सगळ्यांनंतर लगेच येणारे पहिले अनंत क्रमवाचक म्हणजे ω. प्रत्येक पायरीवर पायाच्या जागी ω घालून सावली पाडायची. ४ ची सावली ω चा ωवा घात, २६ ची २ω² + २ω + २, ४१ ची २ω² + २ω + १, ६० ची २ω² + २ω, ८३ ची २ω² + ω + ५ (क्रमवाचकांत गुणक खरे तर उजवीकडे लिहितात). पाया बदलल्याने सावली हलत नाही, १ वजा केल्याने ती घटते. मालिका वाढत असताना सावली एकसारखी उतरत असते, आणि क्रमवाचके अनंत काळ उतरू शकत नाहीत.

लॉरी कर्बी आणि जेफ पॅरिस यांनी १९८२ मध्ये सिद्ध केले, की हे प्रमेय पेआनो अंकगणितात सिद्ध होत नाही. पुन्हा तीच ठेवण : ४ ची मालिका संपते हे त्यात सिद्ध होते, ५ ची, ६ ची, कोणत्याही दिलेल्या संख्येची होते. ‘सर्वांची संपते’ हे होत नाही, कारण त्यासाठी क्रमवाचकांची ज्या उंचीपर्यंतची उतरण लागते, तिथवर पेआनोचे विगमन पोचत नाही.

यावरून दिसते, की ‘सिद्ध न होणारे’ हे नेहमी एखाद्या पद्धतीच्या संदर्भात म्हणायचे असते. संचसिद्धान्तात गुडस्टाइनचे प्रमेय सरळ सिद्ध होते. ग हे पेआनो अंकगणितात गृहीतक म्हणून जोडले तर तेही सिद्ध झाले, पण नव्या पद्धतीचे स्वतःचे नवे ग तयार होते, आणि संचसिद्धान्तही यातून सुटत नाही. मानवी बुद्धी यंत्राच्या पलीकडे आहे, असा निष्कर्ष यातून काढणारे ‘पद्धती सुसंगत असेल तर’ ही अट विसरतात. ग खरे आहे, असे आपण त्या अटीवरच म्हणतो, आणि ‘सुसंगत असेल तर ग खरे’ एवढे पेआनो अंकगणितालाही सिद्ध करता येते. सुसंगतता मात्र त्याला स्वतःची सिद्ध करता येत नाही. हेच गोडेलचे दुसरे प्रमेय.

पद्धतीला गुणाकार येत नसेल तर अडचण उद्भवत नाही. नुसत्या बेरजेच्या अंकगणितात प्रत्येक विधान सिद्ध तरी होते किंवा खोडले तरी जाते, हे मोयझेश प्रेसबर्गरने १९२९ मध्ये, म्हणजे गोडेलच्या निबंधाच्या दोनच वर्षे आधी, दाखवले होते. बेरजेच्या जोडीला गुणाकार आला की वाक्यांना क्रमांक देऊन त्यांच्याबद्दल बोलता येते, आणि अपूर्णता येते.