छोट्या संस्थेचे सभानियम: मसुदा कसा करावा आणि तो नेमका कुठे अडतो

गोव्यातल्या वाचनालयांच्या, नाट्यमंडळांच्या, भजनी मंडळांच्या आमसभांना मी बरीच वर्षं बसतो आहे, आणि सभा चालवण्याचे नियम लिहायलाही मदत करतो. इंग्रजीत ज्यांना स्टँडिंग ऑर्डर्स म्हणतात तेच हे नियम. कोणी किती वेळ बोलायचं, ठरावावर उपसूचना कशी मांडायची, गोंधळ झाला तर अध्यक्षांनी काय करायचं, एवढाच त्यांचा विषय. इथे मी त्यांना सभानियम म्हणतो. मसुदा दोन पानांचा असतो, तरी तो आमसभेत पडतो किंवा मंजूर होऊनही पुढे वादात टिकत नाही. कारणं दरवेळी तीच असतात.

हे लिखाण १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेल्या संस्थांसाठी आहे. आपल्याकडे 'सोसायटी' म्हटलं की पतसंस्था आणि गृहनिर्माण संस्थाही डोळ्यांसमोर येतात, पण त्या गोवा सहकारी संस्था कायदा, २००१ खाली चालतात. देवस्थानच्या महाजनांची सभा तर पोर्तुगीज काळापासूनच्या वेगळ्याच कायद्याखाली येते. दोन्हीकडे हा मसुदा जसाच्या तसा उचलून नेऊ नका. एका देवस्थानच्या मंडळींनी तसं केलं आणि पहिल्याच हरकतीला त्यांचा कागद बाजूला पडला.

पहिली अडचण म्हणजे कोणाकडेच नसलेला कागद: संस्थेच्या घटनेची नोंदणी झालेली प्रत. कपाटात जी मिळते ती बहुधा कुणीतरी टंकलेली प्रत असते. मधल्या दुरुस्त्या तिच्यात कधी पेनाने लिहिलेल्या असतात, कधी नसतातच. सभानियम घटनेच्या खाली येतात, त्यामुळे घटनेत नक्की काय आहे ते माहीत नसताना केलेला मसुदा हवेतच राहतो. कायद्याच्या १९ व्या कलमाप्रमाणे निबंधकाकडे दाखल झालेले कागद कोणालाही फी भरून पाहता येतात आणि त्यांची प्रमाणित नक्कलही मागता येते. जिल्हा निबंधकांच्या कार्यालयात जाताना नोंदणी क्रमांक आणि नोंदणीचं वर्ष लिहून न्या. त्याशिवाय जुनी फाईल शोधायला माणसाला तीन-तीन खेपा घालायला लावतात. नक्कल मागणं हा तुमचा हक्क आहे, तेव्हा पहिल्या नकाराने परत फिरू नका.

नक्कल हातात आली की त्यात चार गोष्टी शोधा: गणपूर्ती किती, नोटीस किती दिवसांची, मतदान कसं, आणि अध्यक्षांना निर्णायक मत आहे का. या चारही गोष्टी घटनेच्या आहेत, सभानियमांच्या नव्हेत. मला सर्वांत जास्त दिसणारी चूक हीच. 'गणपूर्ती १५ ची' असं घटनेत असताना उत्साही सचिव सभानियमांत '१० पुरेत' असं लिहून टाकतो. असं कलम टिकत नाही. निर्णायक मताचंही तेच आहे. घटनेने दिलं नसेल तर अध्यक्षांना ते नाही, आणि समान मतं पडली की ठराव नामंजूर झाला असं धरतात. गणपूर्ती खरोखरच कमी करायची असेल तर घटनादुरुस्तीचा रस्ता धरावा लागतो. त्याची पद्धत घटनेतच दिलेली असते, आणि त्या दुरुस्तीचे कागद निबंधकाकडे जातात. मसुद्याच्या पहिल्याच ओळीत हे लिहा: 'हे नियम संस्थेच्या घटनेला पूरक असून विरोध आल्यास नोंदणीकृत घटना ग्राह्य धरली जाईल.' नोंदलेली घटना इंग्रजीत आणि सभानियम मराठीत असतील तर या ओळीचा उपयोग दुप्पट होतो.

बोलण्याच्या वेळेचं कलम सोपं आहे. सूचकाला पाच मिनिटं, इतरांना तीन, एका ठरावावर एकदाच बोलायचं, आणि चर्चा संपताना सूचकाला उत्तरासाठी तीन मिनिटं. त्या उत्तरात नवा मुद्दा आणता येत नाही, कारण त्याला जाब द्यायला नंतर कोणी उरलेलं नसतं. पण माणशी वेळ ठरवून काम भागत नाही. ४३ सभासदांच्या सभेत प्रत्येकाने तीन मिनिटं घेतली तरी १२९ मिनिटं जातात. म्हणून एका ठरावाला एकूण ३० मिनिटं अशी मर्यादा घाला आणि ती सभेच्या मताने वाढवता येईल असंही लिहा. वेळ मोजणारा माणूस सचिव नसावा, कारण सचिव इतिवृत्त लिहीत असतो आणि घड्याळाकडे बघायचं राहून जातं. एक मिनिट उरलं की घंटा, वेळ संपली की दोन घंटा, एवढं पुरतं.

खरी गुंतागुंत उपसूचनेत आहे, म्हणून एक उदाहरण शेवटपर्यंत पाहू. एका वाचनालयाच्या घटनेत 'वार्षिक वर्गणी आमसभा ठरवील' असं लिहिलं आहे असं समजा. नोटिशीतला ठराव असा: 'वार्षिक वर्गणी २०० रुपयांवरून ३०० रुपये करावी.' सभेला ४३ जण हजर आहेत. चौघांची वर्गणी तीन महिन्यांपेक्षा जास्त थकलेली आहे, आणि कायद्याचं १५ वं कलम अशांना मत देऊ देत नाही, त्यांना सभासद म्हणून मोजूही देत नाही. म्हणजे मतं ३९.

चर्चेत चार उपसूचना येतात. पहिली, '३०० ऐवजी २५०'. दुसरी, 'विद्यार्थी सभासदांना वाढ लागू नसावी'. तिसरी, 'वर्गणी वाढवू नये'. चौथी, '३०० ऐवजी ५००'. तिसरी घेताच येत नाही. ती मूळ ठरावाचा निव्वळ नकार आहे, आणि ज्याला वाढ नको त्याने ठरावाविरुद्ध मत द्यायचं असतं. चौथीही नाकारायला हवी, आणि इथेच अध्यक्ष डगमगतात. नोटिशीत ३०० वाचून 'एवढं चालेल' म्हणत घरी राहिलेल्या सभासदाला ५०० ची कल्पना नसते. उपसूचना नोटिशीच्या कक्षेबाहेर जाऊ शकत नाही, म्हणजे या ठरावात २०० ते ३०० च्या बाहेर जाता येणार नाही. हे वाक्य मसुद्यात आकड्याच्या उदाहरणासह घाला. नुसतं 'उपसूचना विषयाला धरून असावी' असं लिहिलं तर ५०० सुद्धा विषयाला धरूनच आहे असं कोणीतरी म्हणणार, आणि ते खोडून काढायला तुमच्याकडे काही नसणार.

उरलेल्या दोन उपसूचना एकाच वेळी चर्चेला घेऊ नका. ठरावातल्या शब्दांच्या क्रमाने, एकेक घ्यायची. आधी २५० ची: बाजूने २१, विरुद्ध १५, तटस्थ ३. मंजूर. आता सभेपुढचा ठराव '२०० वरून २५०' असा झाला, आणि तो अध्यक्षांनी मोठ्याने वाचून दाखवायचा. यानंतर कोणी '२७५ करा' म्हणून उठला तर त्याला बसवायचं, कारण आकड्याचा निर्णय झालेला आहे. मग विद्यार्थ्यांची उपसूचना: बाजूने ३३, विरुद्ध ४, तटस्थ २. मंजूर.

इथे टाळ्या पडतात, सचिव 'मंजूर' लिहितो आणि सभा पुढच्या विषयाकडे जाते. माझ्या पाहण्यातल्या सगळ्यात महागड्या चुकीची जागा हीच. अजून काहीही मंजूर झालेलं नाही. उपसूचनेने फक्त ठरावाचे शब्द बदलले. 'वार्षिक वर्गणी २०० रुपयांवरून २५० रुपये करावी, विद्यार्थी सभासदांना ही वाढ लागू नसावी' हा सुधारित ठराव पुन्हा मताला टाकावाच लागतो. २५० च्या बाजूने मत देणाऱ्यांत असेही असतात ज्यांना वाढच नको होती, फक्त ३०० पेक्षा २५० बरे वाटले. त्यांना शेवटच्या मतदानात 'नको' म्हणायचा हक्क आहे. आमच्या उदाहरणात २८ बाजूने, ९ विरुद्ध, २ तटस्थ, आणि आता ठराव झाला. एका संस्थेत हे शेवटचं मतदान राहून गेलं. पुढच्या वर्षी एका सभासदाने वाढीव वर्गणी द्यायला नकार दिला आणि इतिवृत्तात त्याला दाखवण्यासारखं काहीच सापडलं नाही.

आणखी एक छोटी गोष्ट. सूचक उठून 'मला ही उपसूचना मान्य आहे' म्हणाला की ती ठरावात शिरली असं लोक समजतात. ठराव मांडून अनुमोदन मिळालं की तो सभेचा होतो. त्यातला शब्द बदलायला सभेची संमती लागते.

शिस्तीच्या कलमात अध्यक्षांना अधिकार द्या, पण पायऱ्यांनी. आधी ताकीद, मग भाषण थांबवण्याचा आदेश, मग 'या सभासदाला या विषयावर आणखी ऐकू नये' असा ठराव, आणि शेवटी सभागृह सोडण्यास सांगण्याचा ठराव. शेवटच्या दोन पायऱ्यांवर चर्चा नको, लगेच मत घ्यायचं. बाहेर काढणं त्या सभेपुरतंच. सभासदत्व रद्द करणं हा घटनेचा विषय आहे, तो इथे अजिबात आणू नका. हरकतीचा मुद्दा कोणीही, भाषण मध्येच थांबवून, मांडू शकतो, पण कोणता नियम मोडला ते त्याने सांगायला हवं. 'हे खोटं आहे' हा हरकतीचा मुद्दा होत नाही, त्यासाठी आपली पाळी येईपर्यंत थांबायचं.

तहकुबीबद्दल स्पष्ट लिहा. गोंधळ आवरेनासा झाला तर अध्यक्ष ३० मिनिटांपर्यंत सभा थांबवू शकतात, त्याहून जास्त थांबवायला सभेचा ठराव हवा. अध्यक्ष रागावून 'सभा संपली' म्हणत उठून गेले तर? १८९४ च्या नॅशनल ड्वेलिंग्ज सोसायटी विरुद्ध साइक्स या इंग्लंडमधल्या खटल्यात न्यायालयाने सांगितलं की काम शिल्लक असताना अध्यक्षाला मर्जीने सभा मोडता येत नाही, आणि त्याने तसं केलं तर सभा दुसरा अध्यक्ष निवडून काम पुढे चालवू शकते. तेच तत्त्व एका वाक्यात मसुद्यात घातलं की दारातली बाचाबाची टळते.

मसुदा मंजूर करून घेताना दिवसांचा हिशेब चुकतो. घटनेत 'पूर्ण १४ दिवसांची नोटीस' असेल तर नोटीस पाठवल्याचा दिवस आणि सभेचा दिवस धरायचे नाहीत. सभा २८ तारखेला असेल तर नोटीस १३ ला निघायला हवी, मगच १४ ते २७ हे पूर्ण १४ दिवस भरतात. १४ ला निघाली की तेराच होतात. काही घटनांत नोटीस 'पोचल्यापासून' असते, तेव्हा टपालाचे दिवस आणखी मागे जातात. मसुद्याची संपूर्ण प्रत नोटिशीसोबत जोडा, 'सभेत वाचून दाखवू' हे पुरत नाही. चवथीच्या आसपासची तारीख धरू नका, अर्धे सभासद मूळ गावी गेलेले असतात आणि गणपूर्तीसाठी ताटकळत बसावं लागतं.

सभेच्या दिवशी टेबलावर चार कागद लागतात: घटनेची प्रमाणित नक्कल, सभासद नोंदवही, त्या दिवसापर्यंतची थकबाकीची यादी आणि नोटीस पाठवल्याचा पुरावा. थकबाकीची यादी खजिनदाराने आदल्या रात्री सही करून द्यावी, म्हणजे मतदानाच्या वेळी कोण पात्र यावर भांडण होत नाही. घटनेला हात न लावणारे सभानियम मंजूर झाले की इतिवृत्तात ठरावाचे शब्द, तिन्ही आकडे आणि 'आजपासून नव्हे, पुढील सभेपासून लागू' हे वाक्य लिहा. ज्या सभेत नियम मंजूर झाले तिथेच ते लावायला गेलेल्या अध्यक्षांवर पक्षपाताचा आरोप झालेला मी पाहिला आहे, आणि तो आरोप करणाऱ्याला दोष देता आला नाही.