साठा मोठा की धार मोठी: बसच्या ब्रेकमधला हिशोब

कार्बनच्या सच्छिद्र पृष्ठभागावर विद्युतभार साठवणाऱ्या कॅपॅसिटरचं पेटंट जनरल इलेक्ट्रिकच्या बेकर यांना 1957 साली मिळालं. पुढे जपानच्या एनईसीने तो बाजारात आणला आणि ‘सुपरकॅपॅसिटर’ हे नाव रूढ झालं. दरम्यान, 1968 मध्ये डेव्हिड रॅगोनी यांनी विजेच्या गाड्यांसाठी वेगवेगळ्या बॅटऱ्या एकाच आलेखावर मांडल्या. एका अक्षावर किलोमागे किती ऊर्जा मावते, दुसऱ्यावर ती किती वेगाने काढता येते. टाकीचा आकार आणि नळाची धार, असंच म्हणा ना.

फरक मुळातच आहे. लिथियम बॅटरीत आयन इलेक्ट्रोडच्या आत शिरतात, म्हणून साठा मोठा, पण आत शिरायला वेळ लागतो. सुपरकॅपॅसिटरमध्ये ते पृष्ठभागालाच चिकटून राहतात. येणं-जाणं झटपट, झीज नगण्य, पण जागा कमी. 3000 फॅरडचा, 2.7 व्होल्टचा अर्ध्या किलोचा डबा घ्या. त्यात जेमतेम 3 वॉट-तास मावतात. खिशातल्या मोबाइलच्या बॅटरीत याच्या चार-पाच पट असतात.

आता दादरच्या सिग्नलला थांबणारी 15 टनांची बस घ्या. वेग ताशी 36 किलोमीटर, थांबायला 10 सेकंद. ब्रेक लावताना सुटणारी ऊर्जा साठवून पुन्हा वापरायची, तर ती 750 किलोजूल, म्हणजे घरच्या मीटरवरचं 0.2 युनिट. क्षुल्लक! पण ब्रेक लागताक्षणी शक्ती मात्र 150 किलोवॉट. एवढं झेलायला असे सुमारे 90 डबे पुरतात (व्होल्टेज निम्म्यावर येईपर्यंतचीच ऊर्जा वापरायची असं धरून), वजन 45 किलो.

मग सगळी बसच त्यांच्यावर चालवायची? दिवसभराच्या फेऱ्यांना 180 युनिट धरले, तर निदान 60 हजार डबे लागतील, 30 टनांचे. लिथियमचा पॅक सव्वा टनात भागवतो. शांघायमध्ये 2006 पासून सुपरकॅपॅसिटरवरच्या बस धावल्या, पण त्यांना काही थांब्यांवर चार्ज करावं लागे. मुंबईच्या घामात एसी लावून असल्या बसने ट्रॅफिकमध्ये अर्धा तास उभं राहून दाखवावं.

गंमत अशी, की 180 युनिटच्या पॅकला ते 150 किलोवॉट फारसे जड जात नाहीत. हजारो सेल ते वाटून घेतात, प्रत्येकाच्या वाट्याला थोडंच येतं. मोठ्या साठ्याबरोबर धार आपोआप येते, म्हणून पूर्ण इलेक्ट्रिक बसमध्ये सुपरकॅपॅसिटर बसवायचं कारण उरत नाही, असं माझं मत. हायब्रिड बसची गोष्ट वेगळी. तिच्यातली बॅटरी 4 युनिटची असेल, तर हाच झटका तिला तासाभरात पूर्ण भरणाऱ्या वेगाच्या जवळपास 38 पट वेगाने येतो. साध्या लिथियम सेलमध्ये अशा घाईत आयन आत शिरण्याऐवजी ग्रॅफाइटवर धातू होऊन साचतात आणि क्षमता कायमची घटते. तिथे सुपरकॅपॅसिटरचे ते 45 किलो वाहून न्यायला परवडतात.